जुना मित्र, बदकांची शिकार आणि न्यायाधीशाची खुर्ची

परवा टिळकवाडीत आमच्या संध्याकाळच्या कट्ट्यावर जोरात वाद झाला. विषय होता न्यायाधीश आणि त्यांचे मित्र. आमच्यातले एक निवृत्त मास्तर म्हणाले, "न्यायाधीश झाला म्हणून माणसानं काय दोस्ती तोडायची काय ओ? प्रामाणिक असला म्हणजे झालं की." चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मी त्या वेळी गप्प बसलो, कारण मला जे सांगायचं होतं ते चहाच्या एका कपात मावणारं नव्हतं. म्हणून इथं लिहितो. मी वकील नाही, कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतून निवृत्त झालेला माणूस. पण दुसऱ्याच्या अर्जावर हो किंवा नाही लिहिण्याचं काम मी तीस वर्षांच्या वर केलंय, तेवढ्या अधिकारानं बोलतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. मित्राचा खटला समोर आला तर न्यायाधीशानं बाजूला व्हावं, तो कितीही प्रामाणिक असला तरी. आणि हे का, ते मला पुस्तकातून नाही, माझ्याच टेबलावर कळलं.

१९९२ ची गोष्ट. मी एका छोट्या गावात शाखा व्यवस्थापक होतो. माझा एक कॉलेजपासूनचा दोस्त तिथंच सुताचा आणि साड्यांचा व्यापार करायचा. एका ताटात जेवलेलो आम्ही. त्याची कॅश क्रेडिटची मर्यादा तीन लाखांची होती, ती त्याला पाच लाखांची करून हवी होती. रक्कम माझ्या अधिकारात बसत होती. मी गोदामात जाऊन माल मोजला, स्टॉक स्टेटमेंट ताळेबंदाशी ताडून पाहिलं, उधारी किती जुनी आहे तेही बघितलं. सगळं चोख होतं. मंजूर केलं. नातेवाइकाचं कर्ज आपण मंजूर करायचं नाही हे आम्हाला माहीत होतं, पण मित्राबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका सूत व्यापाऱ्याचा तसाच अर्ज आला. त्याच्या स्टॉक स्टेटमेंटमधला माल आणि गोदामातला माल जुळेना, विक्रीकराच्या कागदांत विक्री कमी दिसत होती. वाढीव मर्यादा बसतच नव्हती. मी नाही म्हटलं, आणि आजही तोच अर्ज समोर आला तर नाहीच म्हणेन. तो माणूस शांतपणे उठला आणि म्हणाला, "साहेब, माझा माल कमी नव्हता. माझी ओळख कमी पडली." दर रविवारी दोस्ताची स्कूटर माझ्या दारात उभी असते आणि आम्ही पत्ते खेळतो, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी त्याला गोदामाचे आकडे दाखवले, विक्रीकराचे कागद दाखवले. त्यानं ते बघितलेसुद्धा नाहीत.

दोस्ताचं खातं पुढं एकदाही थकलं नाही. म्हणजे मंजूर केलं तेही बरोबर आणि नामंजूर केलं तेही बरोबर. तरी त्या दुसऱ्या माणसाला देण्यासारखं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

हाच प्रकार जगातल्या सगळ्यात ताकदवान कोर्टात घडला, तेव्हा मी तो बारकाईनं वाचला. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया आणि त्या वेळचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांची ही गोष्ट. दोघांची ओळख १९७० च्या दशकातली, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सरकारात दोघंही कामाला होते तेव्हापासूनची.

२००१ साली चेनींच्या अध्यक्षतेखाली देशाचं ऊर्जा धोरण ठरवायला एक सरकारी गट नेमला गेला. पर्यावरणवाल्यांची सिएरा क्लब ही संस्था आणि आणखी एक संस्था कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं असं, की या गटात कागदावर फक्त सरकारी माणसं आहेत, पण आतून तेल आणि वीज कंपन्यांचे लोक सभासदासारखे बसत होते. तेव्हा बैठकांचे कागद आम्हाला दाखवा. खालच्या कोर्टानं चौकशीपुरते कागद द्यायला सांगितलं. चेनींनी नकार दिला आणि प्रकरण वर चढत गेलं. १५ डिसेंबर २००३ ला सुप्रीम कोर्टानं ते सुनावणीला घेतलं.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ५ जानेवारी २००४ ला, स्कालिया, त्यांचा मुलगा आणि जावई चेनींबरोबर सरकारी विमानात बसून लुइझियानाला बदकांच्या शिकारीला गेले. यजमान होता तिथला एक व्यावसायिक, समुद्रातल्या तेलविहिरींना यंत्रसामग्री आणि सेवा पुरवणारा. चेनींना बोलवा, हा निरोप त्याच्या वतीनं स्कालियांनीच चेनींना दिला होता. त्याच महिन्यात वर्तमानपत्रांत बातमी आली आणि गदारोळ उठला. दोन सिनेटरांनी सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांना पत्र लिहिलं. त्यांनी कळवलं, की बाजूला व्हायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं, असाच आमच्या कोर्टाचा प्रघात आहे. फेब्रुवारीत सिएरा क्लबनं रीतसर अर्ज केला, की स्कालियांनी हा खटला ऐकू नये. प्रघाताप्रमाणे तो अर्ज गेला कुणाकडं? स्कालियांकडंच.

१८ मार्च २००४ ला त्यांनी एकवीस पानांचं उत्तर दिलं आणि अर्ज फेटाळला. हे उत्तर वाचण्यासारखं आहे. मला माणूस खोटारडा वाटला नाही, हे मुद्दाम सांगतो. ते लिहितात, की सहल ठरली ती हा खटला सुप्रीम कोर्टात येण्याच्या कितीतरी आधी. शिकारीला आम्ही एकूण तेरा जण होतो. पाणथळीत लपून बसायच्या आडोशाला दोन-तीन जण मावतात. मी आणि उपराष्ट्राध्यक्ष एकाही आडोशात बरोबर बसलो नाही. खटल्याबद्दल चकार शब्द निघाला नाही. चेनी दोन दिवसांनी परतले, आम्ही आणखी राहिलो आणि साध्या प्रवासी विमानानं आलो. जाण्या-येण्याचं तिकीटच सगळ्यात स्वस्त पडत होतं, ते आम्ही काढलं. त्यामुळे सरकारी विमानातून गेल्यानं आमचा एक सेंटही वाचला नाही. एवढ्या स्वस्तात न्यायाधीश विकत मिळतो असं लोकांना खरंच वाटत असेल, तर देशाची अवस्था मला वाटली त्याहून वाईट आहे, असा टोलाही त्यांनी हाणला.

मला मात्र हे वाचताना माझी १९९२ ची फाइल आठवत होती. तेरा शिकारी, तिकिटाचा दर, वाचलेला सेंट. सगळे आकडे बरोबर. मीसुद्धा गोदामातल्या गाठी मोजल्या होत्या. समोरच्या माणसाची शंका तुम्ही चोर आहात ही नव्हतीच. त्याची शंका अशी, की ज्याच्याबरोबर तुम्ही चार दिवस जेवता, हसता, ज्याचा पाहुणचार एकत्र घेता, त्याचं म्हणणं तुमच्या कानाला थोडं जास्त खरं लागतं. आणि हे तुमचं तुम्हालाही कळत नाही.

म्हणूनच अमेरिकेच्या कायद्यात कसोटी मनाची ठेवलेली नाही. न्यायाधीशाच्या निःपक्षपातीपणाबद्दल वाजवी प्रश्न उभा राहू शकत असेल, तर त्यानं बाजूला व्हावं, असं तो कायदा सांगतो. खरोखर पक्षपात झाला का, हा प्रश्नच नाही. नातेवाइकांबाबत तर तिसऱ्या पायरीपर्यंतची नाती मोजून दिली आहेत. मित्र मात्र कुठल्याच पायरीवर बसत नाही. मैत्री मोजायचं माप कायद्याकडं नाही, बँकेकडंही नव्हतं. त्यामुळं तिथं ही वाजवी शंकेची ढोबळ कसोटीच वापरावी लागते.

आता स्कालियांची बाजूही नीट मांडायला हवी, कारण त्यांचे दोन मुद्दे हलके नाहीत.

पहिला मुद्दा असा, की मित्राचा पैसा किंवा त्याची सुटका पणाला लागली असेल तर मैत्री आड येते. पण मित्र सरकारी पदावर आहे आणि वाद त्या पदाच्या कारभाराचा आहे, तिथं ती आड येत नाही. नाहीतर वॉशिंग्टनमध्ये कुठलाच न्यायाधीश सरकारविरुद्धचा खटला ऐकू शकणार नाही, कारण तिथं सगळेच सगळ्यांना ओळखतात. त्यांनी जुने दाखलेही दिले. सरन्यायाधीश व्हिन्सन राष्ट्राध्यक्ष ट्रुमनबरोबर पोकर खेळायचे, न्यायमूर्ती व्हाइट हे रॉबर्ट केनेडींबरोबर बर्फावर स्कीइंगला गेले होते. मुद्दा खरा आहे. पण चेनींच्या खटल्यात त्यांच्या वागण्यावरच बोट होतं. गट त्यांचा, बैठका त्यांच्या, आणि आरोप हा, की त्यांनी लोकांपासून काही लपवलं. तो निवडणुकीचं वर्ष होतं. अशा वेळी पद आणि माणूस हे दोन वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवता येतात, हे मला पटत नाही.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार. तिथल्या सुप्रीम कोर्टात नऊच न्यायाधीश, आणि सगळे मिळून एकत्र ऐकतात. एक उठला तर त्याच्या जागी दुसरा बसत नाही. चार विरुद्ध चार झाले तर निकालच अडकतो. म्हणून बसणं हेही कर्तव्य आहे, असं ते म्हणतात. अमेरिकेपुरतं हे मान्य करूया. पण आपल्याकडं ही सबब चालत नाही. आपल्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीशांच्या चौतीस जागा आहेत आणि बहुतेक कामं दोघा-तिघांच्या खंडपीठापुढं चालतात. एकानं हात वर केला की सरन्यायाधीश फाइल दुसऱ्या खंडपीठाकडं पाठवतात. उशीर होतो तेवढाच.

त्या खटल्याचा शेवट काय झाला ते ऐका. २४ जून २००४ ला निकाल लागला, सात विरुद्ध दोन. प्रकरण फेरविचाराला खालच्या कोर्टात परत गेलं, म्हणजे चेनींना हवं तसंच झालं. स्कालियांना तर याहून पुढं जाऊन चेनींना तिथंच मोकळं करायचं होतं. पुढच्या वर्षी खालच्या अपील कोर्टानं एकमतानं चेनींच्या बाजूनं कौल दिला. म्हणजे स्कालिया घरी बसले असते तरी मित्राचं काही बिघडणार नव्हतं. त्यांच्या मताची गरजच नव्हती. पण आज तो खटला कुणाला आठवतो तो कायद्यातल्या मुद्द्यासाठी नव्हे, बदकांसाठी. माझ्या नामंजूर केलेल्या फाइलचं जे झालं, तेच त्या बरोबर असलेल्या निकालाचं झालं.

मला विचाराल तर चूक शिकारीत नव्हती आणि मैत्रीत तर नव्हतीच. चूक झाली ती १५ डिसेंबर ते ५ जानेवारी या तीन आठवड्यांत. सहल आधी ठरली होती, कबूल. पण खटला सुनावणीला आला त्या दिवशी दोन सोपे रस्ते होते. एक, यजमानाला फोन करून सांगायचं की यंदा जमत नाही. दोन, दोन्ही बाजूंच्या वकिलांना एक ओळ कळवायची, की मी अमुक सहलीला जाणार आहे, कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा. त्या दिवशी याची किंमत जवळजवळ शून्य होती. बातमी फुटल्यावर मात्र एकवीस पानं लिहूनही ती फिटली नाही.

वेळेचा हा मुद्दा आपल्याकडं फार पूर्वी एका मराठी न्यायमूर्तींनी दुसऱ्या बाजूनं मांडून ठेवलाय. १९५७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, लिहिणारे न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर, आपले साताऱ्याचे. राजस्थानात माणकलाल नावाच्या एका वकिलाविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार झाली होती. चौकशीला तीन जणांची समिती नेमली. तिचे अध्यक्ष पूर्वी एकदा तक्रारदाराच्या बाजूनं वकील म्हणून कोर्टात उभे राहिले होते. एकदाच. अध्यक्षांना ते आठवतही नसेल, हे कोर्टानं मान्य केलं. तरी गजेंद्रगडकरांनी लिहिलं, की प्रश्न त्यांच्या मनात खरंच कल होता का हा नाही; समोरच्या पक्षकाराला तशी वाजवी भीती वाटू शकते का, एवढंच बघायचं. आणि इथं वाटू शकते, तेव्हा त्यांनी त्या समितीत बसायला नको होतं.

इथपर्यंत वाचून वाटतं की माणकलाल सुटला. नाही सुटला! कारण त्याला ही गोष्ट सुरुवातीपासून माहीत होती आणि तो गप्प राहिला. चौकशी होऊ दिली, अहवाल विरुद्ध गेला, आणि मग हरकत काढली. कोर्ट म्हणालं, तू हरकतीचा हक्क स्वतःच सोडलास. निकाल बाजूनं लागला तर ठीक, नाही तर खिशातली हरकत बाहेर काढायची, हे चालणार नाही. आमच्या मास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे बरं केलं." जाणकार माणूस आहे, फक्त वाद घालायची हौस आहे.

आणि मैत्रीबद्दल आपल्याकडं काही लिहिलेलंच नाही असंही नाही. ७ मे १९९७ ला सुप्रीम कोर्टाच्या सगळ्या न्यायाधीशांनी मिळून आपल्यासाठी एक आचारसंहिता मान्य केली. तिच्यात सरळ म्हटलंय, की घरचा माणूस, जवळचा नातेवाईक किंवा मित्र ज्यात गुंतलाय असा खटला न्यायाधीशानं ऐकू नये आणि निकालात काढू नये. 'मित्र' हा शब्द आहे त्यात. पद वेगळं आणि माणूस वेगळा, अशी स्कालियांसारखी फोड केलेली नाही. पण मित्र कोण हे ठरवायचं त्या न्यायाधीशानंच, आणि नाही पाळलं तर काय, याचं उत्तर नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानंही नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतःसाठी लेखी संहिता केली. तिच्यातही निर्णय ज्याचा त्याच्याकडंच ठेवलाय.

आम्हा बेळगावकरांना हा विषय जवळचा का, तर कृष्णेच्या पाण्यामुळं. १० जानेवारी २०२२ ला कृष्णा पाणीवाटपाचा वाद सुप्रीम कोर्टात न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. बोपण्णा यांच्यापुढं आला. एक महाराष्ट्राचे, दुसरे कर्नाटकचे. दोघंही त्या खटल्यातून बाजूला झाले, आणि कारण उघडपणे सांगितलं की वाद आमच्याच राज्यांचा आहे. तेव्हा आमच्या कट्ट्यावर दोन्ही भाषांत ओरड झाली. इकडचे म्हणाले, आपला माणूस गेला. तिकडचे म्हणाले, आमचाही गेला की! मला वाटलं, दोन्हीकडून एकच तक्रार येतेय म्हणजे बरोबरच झालं. शिवाय ते पहिल्याच पायरीवर बाजूला झाले, पुढं सुनावणी होऊन निकाल लागल्यावर नव्हे.

आता उलट धोकाही आहे, तो न सांगता पुढं जाणं बरोबर नाही. नको असलेला न्यायाधीश हटवायला काही वकील खुसपटं काढतात. न्यायाधीश प्रत्येक वेळी लगेच उठायला लागले, तर खंडपीठ निवडायचा अधिकार पक्षकाराच्या हातात जाईल. २०१५ साली न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या आयोगाचा खटला चालू होता, तेव्हा न्या. खेहर यांनी बाजूला व्हावं अशी मागणी झाली. त्यांनी ती नाकारली, पण नाकारण्याची कारणं लिहून ठेवली. ते मला आवडलं. माझं एवढंच म्हणणं आहे, की कारण लिहा, बाजूला होताना लिहा आणि न होतानाही लिहा. आणि शंका मैत्रीची असेल तर तो अर्ज त्याच न्यायाधीशाकडं पाठवू नका, बाजूच्या खोलीतल्या दुसऱ्या दोघांना ठरवू दे. बँकेत आपलंच ऑडिट आपण करत नव्हतो.

आमच्या मास्तरांनी शेवटी विचारलं, "मग तुमच्या त्या दोस्ताचं काय झालं?"

पुढच्या वर्षी त्याची मर्यादा नूतनीकरणाला आली. या वेळी मी फाइल विभागीय कार्यालयाला पाठवली आणि वर टीप लिहिली, की अर्जदार माझा कॉलेजपासूनचा मित्र आहे, तेव्हा निर्णय आपण घ्यावा. त्यांनी जुनी उधारी वगळून हिशेब केला आणि पाचाऐवजी साडेचार लाखच दिले. दोस्ताला वाटलं मीच आखडता हात घेतला. आठ महिने तो पत्त्यांना आला नाही. माझी बायको दर रविवारी चार कप चहा टाकायची सवयीनं, आणि एक ओतून द्यायची. मग एका रविवारी दारात स्कूटर थांबली. आत आला, चप्पल काढली, काही न बोलता खाली बसला आणि म्हणाला, "वाट की."